तोंडी ऑफर दिली, उमेदवार गप्प झाला: आता पाठपुरावा कसा करावा?

रिकामी खुर्ची | सोमवार, सकाळी १०:४०

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यासाठी सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची जागा भरायची आहे. मी कंपनीच्याच एचआरमध्ये आहे, कन्सल्टन्सीत नाही. उमेदवाराला सहा वर्षांचा अनुभव, सध्या भोसरीत नोकरी, राहायला मोशीला, नोटीस ६० दिवसांची. सध्याचा सीटीसी साडेनऊ लाख, आम्ही बारा देतोय. तिन्ही मुलाखती उत्तम झाल्या.

घटनाक्रम असा. मंगळवारी संध्याकाळी फोनवर तोंडी ऑफर दिली. खूश वाटला. म्हणाला, "चांगलं आहे, घरी बोलून सांगतो, तेवढं ब्रेक-अप पाठवा." बुधवारी सकाळी अकराला व्हॉट्सॲपवर पगाराचा तक्ता पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. गुरुवारी सकाळी दहाला आणि साडेअकराला फोन केला, उचलला नाही. शुक्रवारी "काही अपडेट?" असा मेसेज टाकला, तोही वाचला. त्यानंतर शांतता.

आमच्याकडे रीत अशी की उमेदवार होकार देतो आणि मग लेखी ऑफर निघते. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार बरा आहे, पण त्याला किती दिवस लटकवून ठेवणार? आता पुढचा मेसेज काय आणि केव्हा करू? किती वेळा विचारलं म्हणजे पाठीमागे लागल्यासारखं होतं?

---

आडवाटेचा | सोमवार, सकाळी ११:०५

सरळ आहे, तुमचा आकडा घेऊन तो सध्याच्या कंपनीत गेलाय. तिथे काउंटर ऑफर शिजतेय. माझा सल्ला: आज दुसऱ्या नंबरवरून फोन लावा, उचलेल. उचलला की "आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही" एवढंच बोला. ढिलाई दिली की उमेदवार डोक्यावर बसतात. आणि त्याचं नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल उघडून बघा. या चार दिवसांत अपडेट झालं असेल तर तो अजून बाजारात फिरतोय हे नक्की.

---

नवा भिडू | सोमवार, सकाळी ११:३०

माझंही सेम झालंय! दोन आठवड्यांपूर्वी एचआरने फोनवर ऑफर दिली, आता फोन उचलत नाहीत. मी राजीनामा टाकू का?

---

वकिलीणबाई | सोमवार, सकाळी ११:४८

@नवा भिडू, तुमचा प्रश्न नेमका उलटा आहे, पण घाईचा आहे म्हणून आधी उत्तर देते: नाही. सही-शिक्क्याचं पत्र किंवा निदान कंपनीच्या मेलवरून आलेली, पगार आणि रुजू होण्याची तारीख असलेली ऑफर हातात पडेपर्यंत राजीनामा नको. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा.

---

गुरुवारची सुट्टी | सोमवार, दुपारी १:१५

मी एचआरवाला नाही, प्लांटमधला माणूस आहे. एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे तुम्ही गुरुवारी सकाळी दोनदा फोन केलात तेव्हा तो बहुतेक घरी होता. "कामात असेल" हे कारण तिथे लागू पडत नाही. उलट इतर दिवशी शॉप फ्लोअरवर असणारा माणूस दिवसभर फोन घेऊ शकत नाही. काही ठिकाणी फोन लॉकरमध्ये ठेवूनच आत जावं लागतं. सप्लायर क्वालिटीवाला तर अर्धा वेळ व्हेंडरच्या कारखान्यात, साहेबाच्या शेजारी बसलेला. तिथे तुमचा फोन आला तर तो कापणारच.

त्याची शिफ्ट कोणती ते विचारलं होतंत का? पहिल्या पाळीचा माणूस दुपारी चारनंतर मोकळा होतो, दुसऱ्या पाळीचा सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत. जनरल शिफ्ट असेल तर संध्याकाळी सातनंतर बोला.

---

रिकामी खुर्ची | सोमवार, दुपारी १:४०

जनरल शिफ्ट आहे. आणि हो, त्यांना गुरुवारीच सुट्टी असते, तिसरी मुलाखत आम्ही मुद्दाम गुरुवारी ठेवली होती. फोन कंपनीच्या लँडलाइनवरून केले होते.

---

तिरपागडं | सोमवार, दुपारी १:५२

लँडलाइन म्हणजे त्याच्या स्क्रीनवर लाल पट्टीत "स्पॅम, २१४ तक्रारी" असं उमटलं असेल. क्रेडिट कार्ड विकणारी पोरगी समजून कापला असेल बिचाऱ्याने.

---

पगारपत्रक | सोमवार, रात्री ९:१२

तिरपागडं यांचं म्हणणं थट्टेवारी नेऊ नका. एकाच बोर्ड नंबरवरून रोज पन्नास उमेदवारांना फोन गेले की लोक तो स्पॅम म्हणून नोंदवतात. आपला नंबर समोरच्याच्या फोनवर कसा दिसतो हे एखाद्या सहकाऱ्याच्या मोबाइलवर लावून एकदा तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. पण या प्रकरणात तो मुख्य मुद्दा नाही, कारण व्हॉट्सॲप तर वाचलं गेलंय.

उमेदवार गप्प झाला की तो कोणत्या क्षणापासून गप्प झाला हे आधी पाहावं. ऑफरच्या फोननंतर लगेच गप्प झाला तर बहुतेक घरचा प्रश्न, काउंटर किंवा दुसरी मुलाखत. लेखी पत्राची वाट बघून गप्प झाला तर अविश्वास. तुमचा माणूस फोननंतर बोलत होता, स्वतःहून ब्रेक-अप मागत होता. तो गप्प झाला तक्ता वाचल्यावर. मग काउंटर ऑफरचा तर्क करण्याआधी त्या तक्त्यात त्याने काय पाहिलं ते बघायला हवं.

तक्ता इथे टाकता का? कंपनीचं नाव नको, फक्त आकडे. आणि त्याच्या सध्याच्या सॅलरी स्लिपमधले चार आकडे.

---

रिकामी खुर्ची | सोमवार, रात्री १०:०३

आमचा तक्ता, वार्षिक: एकूण १२,००,०००. त्यात व्हेरिएबल १,२०,०००, कंपनीचा पीएफ ७२,०००, ग्रॅच्युइटी २८,८६०, बाकी बेसिक आणि भत्ते. बेसिक महिना ५०,०००.

त्याची स्लिप: ग्रॉस ७५,४६३, पीएफ कपात १,८००, प्रोफेशनल टॅक्स २००, हातात ७३,४६३. व्हेरिएबल नाही.

---

पगारपत्रक | सोमवार, रात्री १०:५०

बघा, इथेच आहे.

बारा लाखांतून व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी बाजूला काढा. उरतात ९,७९,१४०, म्हणजे महिन्याला ८१,५९५ ग्रॉस. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ पन्नास हजारांच्या १२ टक्क्यांनी ६,००० जाणार, प्रोफेशनल टॅक्सचे २०० जाणार. हातात राहतात ७५,३९५. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर आयकर लागत नाही, तेव्हा तो दोन्हीकडे शून्य धरला.

आज त्याच्या हातात ७३,४६३ येतात. फरक १,९३२ रुपयांचा.

तुम्ही फोनवर "साडेनऊचे बारा" म्हणालात, त्याने मनात २६ टक्के वाढ धरली. घरी सांगितलं असेल की महिन्याला पंधरा-वीस हजार जास्त येतील. दुसऱ्या दिवशी तक्ता आला, कॅल्क्युलेटर काढला आणि दोन हजारसुद्धा दिसेनात. वर मोशीहून भोसरीऐवजी चाकणला जायचं, म्हणजे नाशिक हायवेची ती रोजची कोंडी. आता तुम्हाला फोन करून "परवडत नाही" म्हणायला त्याला संकोच वाटतोय, कारण मंगळवारी तोच "चांगलं आहे" म्हणाला होता. आपल्याकडे माणूस पैशांवरून नाही म्हणायच्या ऐवजी गप्प बसतो.

हा माझा अंदाज आहे, खात्री नाही. पण "काही अपडेट?" या मेसेजने यातलं काहीच बाहेर येणार नाही. त्या प्रश्नाला त्याच्याकडे हो किंवा नाही एवढीच उत्तरं आहेत आणि त्याला दोन्ही द्यायची नाहीत.

---

आडवाटेचा | सोमवार, रात्री ११:१०

पीएफ त्याचाच पैसा आहे ना? सध्या १,८०० आणि १,८०० जमा होतात, इथे सहा आणि सहा होतील. म्हणजे महिन्याला ८,४०० जास्त त्याच्याच खात्यात. शिवाय वर्षाला १,२०,००० व्हेरिएबल. हे नीट समजावलं की झालं. उगाच पगार कमी असल्यासारखं बोलू नका.

---

पगारपत्रक | सोमवार, रात्री ११:३१

हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच. पीएफ त्याचाच, हे खरं. पण घराचा हप्ता पीएफमधून जात नाही. व्हेरिएबलबद्दल विचारायचं ते असं की गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के मिळालं, आणि ते तिमाही मिळतं की वर्षअखेर? मधे रुजू झालेल्याला पहिल्या वर्षी किती? हे सांगता येत नसेल तर उमेदवार ते शून्य धरतो आणि तसं धरण्यात त्याची चूक नाही. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं टिकल्यावरच मिळते, तिची तर कुणी मोजदादच करत नाही.

@रिकामी खुर्ची, एक महत्त्वाचं विचारतो. तुमच्याकडे पीएफ पूर्ण बेसिकवरच कापायचा असा नियम आहे, की रुजू होताना पर्याय देता? कायद्याने सक्ती आहे ती १५,००० च्या मर्यादेपर्यंत, म्हणजे १,८००. त्यावर किती हे कंपनीचं धोरण. पर्याय असेल तर चित्र पार बदलतं: कंपनीचा पीएफ वर्षाला २१,६००, मग ग्रॉस वर्षाला १०,२९,५४०, महिन्याला ८५,७९५. त्यातून १,८०० आणि २०० वजा केले की हातात ८३,७९५. आजच्यापेक्षा १०,३३२ जास्त. सीटीसी तोच, बारा लाख. कंपनीच्या खिशातून एक रुपया जास्त जात नाही.

---

रिकामी खुर्ची | मंगळवार, सकाळी ९:२०

पर्याय आहे. रुजू होताना एक फॉर्म भरून घेतो. पण तक्ता सॉफ्टवेअरमधून निघतो, त्यात पूर्ण बेसिकवरचाच आकडा येतो. आता मग लगेच हे लिहून पाठवू का?

---

पगारपत्रक | मंगळवार, सकाळी ९:४४

थांबा. आधी फायनान्सकडून मेलवर लेखी घ्या की या उमेदवाराला हा पर्याय लागू आहे. त्याच्या खात्याचा यूएएन आधीचा आहे, सध्याही तो मर्यादेवरच भरतोय, तेव्हा अडचण येऊ नये. पण तुम्ही ८३,७९५ लिहून पाठवलेत आणि पहिल्या स्लिपवर ७५ आले, तर तो तिसऱ्या महिन्यात निघून जाईल. एकदा पाठवलेला आकडा मागे घेणं म्हणजे ऑफर न देण्यापेक्षा वाईट.

मग दोन गोष्टी वेगवेगळ्या पाठवा. वैयक्तिक मेलवर सविस्तर तक्ता, तीन रकाने: सध्याची स्लिप, आमचा पगार पूर्ण पीएफसह, आमचा पगार मर्यादित पीएफसह. प्रत्येक रकान्यात सगळ्यात वर, ठळक अक्षरांत "महिन्याला हातात". सीटीसी सगळ्यात खाली. खाली एक ओळ व्हेरिएबलची: केव्हा मिळतं, पहिल्या वर्षी किती महिन्यांचं.

व्हॉट्सॲपवर मात्र आकडे नकोत, "ऑफर" हा शब्दही नको. मेसेजची पहिली ओळ कुलूपबंद स्क्रीनवर दिसते आणि तो फोन त्याच्या आत्ताच्या साहेबाच्या टेबलावर असू शकतो. असं काहीतरी:

"नमस्कार. बुधवारच्या तक्त्यातून महिन्याचा नेमका आकडा कळत नव्हता, म्हणून तो नीट मांडून तुमच्या वैयक्तिक मेलवर पाठवला आहे. त्यात एक पर्याय आहे जो आधी दाखवला नव्हता. आज किंवा उद्या सातनंतर दहा मिनिटं बोलता येईल का? मी माझ्या मोबाइलवरून फोन करेन. जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल."

शेवटचं वाक्य काढू नका. नकाराला वाट ठेवली की उत्तर येण्याची शक्यता वाढते.

---

गुरुवारची सुट्टी | मंगळवार, सकाळी १०:३०

"एक पर्याय आहे" हे वाक्य मला उमेदवार म्हणून विम्याच्या एजंटसारखं वाटेल. सरळ "पीएफचा पर्याय" म्हणा ना. स्क्रीनवर दिसला तरी कुणाला त्यातून काय कळणार?

---

पगारपत्रक | मंगळवार, सकाळी १०:४१

मान्य. "पीएफचा पर्याय" करा.

---

तिरपागडं | मंगळवार, सकाळी १०:५८

आणि मेल पाठवल्यावर तो स्पॅममध्ये पडेल. विषयात "ऑफर", सोबत पासवर्ड लावलेली पीडीएफ. फसवणुकीचे मेल अगदी असेच दिसतात.

---

पगारपत्रक | मंगळवार, सकाळी ११:०७

यातही तथ्य आहे. तक्ता मेलच्या आतच टाका, जोडपत्र नको. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेल साखळीत गेलं होतं त्याच साखळीला उत्तर म्हणून पाठवा. त्या साखळीवर त्याने आधी उत्तर दिलेलं आहे, म्हणून ती बहुधा थेट इनबॉक्समध्ये जाते.

---

वकिलीणबाई | मंगळवार, दुपारी १२:२०

पगाराचं झालं. आता मूळ पोस्टमधल्या एका वाक्याकडे वळते: "उमेदवार होकार देतो आणि मग लेखी ऑफर निघते." बहुतेक उमेदवारांची रीत याच्या बरोब्बर उलटी असते, लेखी हातात आल्याशिवाय होकार नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि एचआरला वाटतं माणूस गप्प झालाय. त्याने मंगळवारी "ब्रेक-अप पाठवा" म्हटलं, त्याचा अर्थ तो कागद मागत होता.

कंपनीची भीती मला कळते. पत्र हातात आलं की ते दुसरीकडे दाखवून भाव वाढवून घेतात. मधला मार्ग आहे: सहीचं पत्र न देता कंपनीच्या मेलवरून पद, ठिकाण, वार्षिक आणि मासिक पगार, रुजू व्हायची अपेक्षित तारीख आणि हा प्रस्ताव कोणत्या तारखेपर्यंत खुला आहे हे लिहून द्या. खाली एक ओळ, की आपला लेखी होकार आल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत अधिकृत पत्र मिळेल. त्यालाही घरी दाखवायला काहीतरी मिळतं.

---

आडवाटेचा | मंगळवार, दुपारी १२:५५

पण तोंडी करारही करारच ना? मंगळवारी "चांगलं आहे" म्हणाला, म्हणजे होकार झाला. एक कायदेशीर भाषेतला मेल गेला की सुतासारखा सरळ येईल.

---

वकिलीणबाई | मंगळवार, दुपारी १:३०

तोंडी करार होऊ शकतो एवढा भाग बरोबर आहे. पुढचा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार स्वीकार हा निःसंदिग्ध आणि बिनशर्त असावा लागतो. "चांगलं आहे, घरी बोलून सांगतो" हा स्वीकार नाही, विचार करायला मागितलेली सवड आहे. शिवाय माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध नोकरी करायला न्यायालय लावत नाही. तेव्हा तसा मेल पाठवून फक्त एकच होईल: तो मेल मोशीतल्या आणि भोसरीतल्या सगळ्या क्वालिटीवाल्यांच्या ग्रुपवर फिरेल.

खरं कायदेशीर काम तुमच्याच बाजूला आहे आणि ते लोक विसरतात. दिलेला प्रस्ताव मुदत संपली किंवा मागे घेतल्याचं कळवलं की संपतो. मुदत दिलीच नसेल तर "वाजवी काळ" किती यावर वाद. तुम्ही मनातल्या मनात ऑफर रद्द केलीत, दुसऱ्याला होकार दिलात आणि या गृहस्थाने परवा "हो, मी येतो" लिहिलं, तर? जागा एक, होकार दोन. म्हणून मुदत लेखी हवी, दिवस आणि वेळेसकट.

---

रिकामी खुर्ची | मंगळवार, दुपारी २:१०

मुदत किती दिवसांची ठेवू? कायदा राहू दे, व्यवहारात काय योग्य?

---

पगारपत्रक | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

सगळी माहिती हातात पडल्यापासून तीन कामकाजाचे दिवस, आणि त्यात त्याची एक सुट्टी यावी. मंगळवारचा फोन किंवा बुधवारचा अर्धवट तक्ता यापासून मोजू नका, नवा मेल जातो तिथून मोजा. आज संध्याकाळी मेल गेला तर गुरुवारी त्याला सुट्टी आहे, घरच्यांशी बोलायला वेळ मिळेल. शुक्रवारी संध्याकाळी सहा ही मुदत.

क्रम असा ठेवा: आज मेल आणि व्हॉट्सॲप. मग उद्या सातनंतर एक फोन, स्वतःच्या मोबाइलवरून. उचलला नाही तर लगेच दुसरा करू नका, एका दिवसात एकच. गुरुवारी काही नाही, तो दिवस त्याचा. शुक्रवारी सकाळी मुदतीची आठवण करणारा शेवटचा मेसेज. सहानंतर प्रस्ताव बंद झाल्याची मेलवर एक ओळ. म्हणजे चार दिवसांत चार वेळा संपर्क, आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे काहीतरी नवीन जातंय. आधीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पाठीमागे लागल्यासारखं होतं ते आकड्याने नाही, तोच प्रश्न परत विचारल्याने.

शुक्रवारचा मसुदा:

"नमस्कार. मंगळवारी मेलवर पाठवलेला प्रस्ताव आज संध्याकाळी ६ पर्यंत तुमच्यासाठी खुला आहे. त्यानंतर तो मागे घेतला असं समजावं, आम्ही दुसऱ्या उमेदवाराशी पुढे जाऊ. एक-दोन दिवस हवे असतील तर कारण न सांगताही मागू शकता, पण सहाच्या आत मागा. निर्णय नकाराचा असेल तर एक ओळ पुरेशी आहे."

---

गुरुवारची सुट्टी | मंगळवार, रात्री ८:०५

फोन एचआरने न करता ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्या मॅनेजरने करावा असं मी म्हणेन. माणूस एचआरला पैशांचं सांगत नाही, पण क्वालिटी हेडशी बोलताना "सर, जाण्यायेण्याचंच जरा..." असं निघून जातं तोंडातून. कंपनीची बस मोशीहून आहे का, हे एचआरने सांगितलं तर त्याला माहितीपत्रक वाटतं. मॅनेजरने "मी पण त्याच बसने येतो" म्हटलं की वेगळं.

---

पगारपत्रक | मंगळवार, रात्री ८:४०

इथे मी सहमत नाही. मॅनेजरचा फोन आला की उमेदवार दबावाखाली "हो सर" म्हणतो आणि रुजू व्हायच्या दिवशी येत नाही. तो होकार खोटा असतो, आणि ६० दिवसांच्या नोटीशीनंतर कळतो. मॅनेजरने होकारानंतर फोन करावा, नोटीसच्या काळात दर पंधरा दिवसांनी. तिथे त्याचा खरा उपयोग.

---

गुरुवारची सुट्टी | मंगळवार, रात्री ८:५२

मॅनेजरवर अवलंबून आहे. आमच्याकडच्या लोकांचा अनुभव तुमच्यापेक्षा वेगळा आहे, एवढंच म्हणतो.

---

आडवाटेचा | मंगळवार, रात्री ९:१५

दुसऱ्या नंबरवरून फोनच्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलं नाही. ब्लॉक केलंय का हे कळायचा तोच एक मार्ग आहे.

---

पगारपत्रक | मंगळवार, रात्री ९:३८

इथे निळ्या खुणा येतायत, म्हणजे ब्लॉक केलेलं नाही. मेसेजवर दिवसेंदिवस एकच खूण राहिली, फोटो दिसेनासा झाला आणि फोन एका रिंगमध्ये तुटायला लागला, तर तशी शंका घ्यावी. नुसती एक खूण असेल तर फोन बंद किंवा गावाला रेंज नाही, एवढंही असू शकतं. ब्लॉक केलं असेल तर ते त्याचं उत्तर आहे. मग मेलवर मुदतीचं पत्र पाठवून विषय संपवावा. वेगवेगळ्या नंबरवरून फोन लावले की कंपनीचं नाव जातं.

आणि तीन गोष्टी कुठल्याही परिस्थितीत नकोत: त्याच्या सध्याच्या कार्यालयात फोन, फॉर्मवर दिलेल्या आणीबाणीच्या नंबरवर म्हणजे वडिलांना-बायकोला फोन, आणि त्याच्या ओळखीच्या सहकाऱ्याकडून चौकशी. तिसऱ्यात तर तो नोकरी शोधतोय हे बाहेर फुटतं.

प्रोफाइल अपडेटबद्दल एक. तुमच्या फोनच्या आधीच ठरलेली एखादी मुलाखत किंवा नुसती साइटची आठवण यानेही ती तारीख बदलते. त्यावरून निष्कर्ष काढून त्याला टोमणा मारू नका.

---

रिकामी खुर्ची | बुधवार, रात्री ८:२५

फायनान्सने काल संध्याकाळीच लेखी दिलं. तीन रकान्यांचा मेल आणि व्हॉट्सॲप रात्री गेलं. आज दुपारी दीडला उत्तर आलं: "मॅडम, मेल पाहिला. हातातला आकडा बघून जरा गोंधळ झाला होता. व्हेरिएबल पहिल्या वर्षी किती मिळेल? आणि बस मोशीहून आहे का?"

बस आहे, टोल नाक्यापासून. व्हेरिएबल मार्चअखेर, रुजू झालेल्या महिन्यांच्या प्रमाणात. सातनंतर फोनवर बोललो. सध्याच्या कंपनीत त्याने अजून काही सांगितलेलं नाही म्हणाला. आणखी ५० हजार वाढवून मिळतील का विचारलं. मी विचारून सांगते म्हटलं. वाढवू का?

---

आडवाटेचा | बुधवार, रात्री ८:४०

अजिबात नाही. एकदा दिलंत की रुजू होईपर्यंत मागत राहील.

---

पगारपत्रक | बुधवार, रात्री ९:२०

हे बाहेरून सांगता येणार नाही. त्याच पदावर तुमच्याकडे आधीपासून असलेले दोघं-तिघं किती घेतात, तो निकष. बारा लाखांवर त्यांच्या बरोबरीला येत असेल तर नाही म्हणा, आणि उद्याच म्हणा, शुक्रवारची वाट बघू नका. द्यायचंच असेल तर ५० हजार पगारात न घालता रुजू होताना एकदाच द्या, वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याच्या अटीवर. पण त्यावर कर-कपात कशी होते ते आधी फायनान्सला विचारा, नाहीतर परत तोच घोळ.

उत्तर काहीही असो, त्यासोबत मुदत तीच राहते की पुढे जाते, हे स्पष्ट लिहा. वाटाघाट चालू आहे म्हणून मुदत आपोआप वाढली असं दोघांपैकी एकजण नक्की समजतो.

---

वकिलीणबाई | बुधवार, रात्री ९:४१

आणि त्याने वाढीव रक्कम मागितली म्हणजे तुमचा मूळ प्रस्ताव नाकारून स्वतःचा मांडला, असा युक्तिवाद होऊ शकतो. म्हणून उत्तरात लिहा: "बारा लाखांचा प्रस्ताव शुक्रवार सहापर्यंत कायम आहे."

---

तिरपागडं | बुधवार, रात्री ९:५५

आणि तो दुसऱ्या क्रमांकाचा? तो इकडे "एचआर गप्प झाली" म्हणून धागा काढत असेल. नवा भिडू, तूच नाहीस ना?

---

रिकामी खुर्ची | बुधवार, रात्री १०:१०

त्याला आजच कळवलं. निवड यादीत आहात, आधी एकाला प्रस्ताव दिलाय, शुक्रवारी रात्रीपर्यंत नक्की सांगते, मधे दुसरीकडे काही आलं तर आमच्यासाठी थांबू नका. त्याने "ओके, थँक्स फॉर क्लॅरिटी" पाठवलं.

५० हजारांचं उद्या सकाळी प्लांट हेडशी बोलून ठरेल.

---

नवा भिडू | बुधवार, रात्री १०:३२

मी नाही तो, मी अकाउंट्सचा आहे. पण ते तीन रकान्यांचं मी स्वतःच बनवून एचआरकडे मागितलं तर चालेल का? माझ्या ऑफरमध्ये तर पीएफचं काही सांगितलंच नाही.

---

पगारपत्रक | बुधवार, रात्री १०:४५

चालेल. सध्याच्या स्लिपचा रकाना तुम्ही भरा, दुसरा रिकामा ठेवून पाठवा. चार ओळी विचारा: पीएफ किती रकमेवर, व्हेरिएबल केव्हा, ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली आहे का, आणि विम्याचा हप्ता कोण भरतं. चौथी बऱ्याचदा सुटते.